व्हॉलीबॉलमधलं रोटेशन आणि जागा: पालकांना काय सांगायचं, कसं सांगायचं

प्रश्न: काटोलकडच्या आमच्या गावात शाळकरी मुलांची व्हॉलीबॉल स्पर्धा आहे. दरवर्षी पालक लाईनीवरून ओरडतात, "आमच्या पोट्ट्याले मांगं काहून उभं केलं?", "त्याचीच सर्व्हिस होती, दुसऱ्याले काहून देल्ली?" सामना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटांत त्यांना रोटेशन आणि खेळाडूंच्या जागा कशा समजावून सांगाव्यात?

उत्तर:

पालकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. मुलाचा क्रम आणि मुलाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण मैदानावर त्या एकाच पोरात दिसतात. क्रम म्हणजे सर्व्हिसला कोणामागून कोण येणार. तो चिठ्ठीवर लिहून दिला की सेट संपेपर्यंत बदलत नाही. काम म्हणजे कोण बॉल उचलून देणार, कोण स्मॅश मारणार, कोण मधे ब्लॉक करणार. ते प्रशिक्षक ठरवतो आणि नियमाला त्याच्याशी देणंघेणं नाही. पंच फक्त क्रम पाहतात, आणि जागांचा हिशेब तेवढ्याच क्षणी पाहतात ज्या क्षणी सर्व्हिस करणाऱ्याचा हात बॉलला लागतो. त्यानंतर मुलं मैदानात कुठेही पळू शकतात. एवढं पालकांच्या डोक्यात उतरलं की निम्मी ओरड बंद होते.

आधी एक खात्री करा की स्पर्धा स्मॅशिंगची आहे, म्हणजे सहा जणांच्या संघाची. पत्रकावर शूटिंग लिहिलं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत आणि पुढचं काहीही तिथे लावू नका.

समजवायला फळा लागत नाही. जमिनीवर काडीनं 90 सेंटिमीटरचा चौकोन आखा. खरं अर्धं मैदान 9 बाय 9 मीटर असतं, त्यामुळे प्रमाण आपोआप जुळतं. चौकोनाची एक बाजू नेट धरा आणि तिच्यापासून 30 सेंटिमीटरवर आडवी रेघ मारा. ही 3 मीटरची रेघ झाली. आता सहा वेगवेगळ्या वस्तू घ्या. खडा, लिंबू, चप्पल, किल्ली, मोसम असेल तर एखादं संत्रं, जे हाताशी असेल ते. सारखेच सहा खडे घेतले तर दोन रोटेशननंतर कोण कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. वस्तू अशा मांडा:

नेट
4  3  2
5  6  1

नेटकडे तोंड करून उभं राहिलं की मागचा उजवा कोपरा म्हणजे 1. तिथला खेळाडू सर्व्हिस करतो. 2, 3, 4 ही पुढची रांग आणि 5, 6, 1 ही मागची. एक विचित्र गोष्ट इथेच दाखवून टाका. जागांचे आकडे घड्याळाच्या उलट दिशेनं वाढतात, पण खेळाडू घड्याळाच्या दिशेनं सरकतात. 2 वरचा 1 वर येतो, 1 वरचा 6 वर, 6 वरचा 5 वर, 5 वरचा 4 वर, 4 वरचा 3 वर आणि 3 वरचा 2 वर. नवखे प्रशिक्षकसुद्धा इथे फसतात. चिठ्ठीवर आकडे घड्याळाच्या दिशेनं भरले की अख्खा क्रम उलटा होतो आणि तो सेट त्या उलट्या क्रमानंच खेळावा लागतो.

यानंतर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न येतो: मुलं कधी फिरतात? प्रत्येक गुणाला नाही. समोरच्याची सर्व्हिस असताना रॅली आपण जिंकली तर गुणही मिळतो आणि सर्व्हिसही, आणि तेव्हाच सगळे एकेक जागा सरकतात. आपलीच सर्व्हिस चालू असताना जिंकलो तर कोणी हलत नाही, तोच मुलगा पुन्हा सर्व्हिस मारतो. म्हणून एखादा पोरगा सलग पाच सर्व्हिस मारतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकच येते. यात पक्षपात नाही. ज्या काकांनी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळण्याच्या काळात 15 चे सेट खेळलेत, त्यांना सांगा की फिरण्याचा नियम त्यांच्या वेळचाच आहे, बदलली ती गुण मोजायची पद्धत.

आता एक पूर्ण संघ मांडू. नावं समजा अशी: आर्यन सेटर, म्हणजे गावाकडे ज्याला लिफ्टर म्हणतात तो. ओम आणि प्रज्वल डावीकडून मारणारे. यश आणि नयन मधले, ब्लॉक करणारे. समीर उजवीकडून मारणारा. चिठ्ठीवर 1 ला आर्यन, 2 ला ओम, 3 ला यश, 4 ला समीर, 5 ला प्रज्वल, 6 ला नयन. एकाच कामाची मुलं क्रमात तीन जागांच्या अंतरानं येतात हे लक्षात घ्या. ओम आणि प्रज्वल, यश आणि नयन अशा जोड्या आहेत, आणि उरलेले आर्यन आणि समीरही तेवढ्याच अंतरावर. यामुळे एक मधला आणि एक डावीकडचा नेहमी पुढच्या रांगेत राहतो.

नाणेफेक समोरच्यांनी जिंकली आणि पहिली सर्व्हिस घेतली असं धरू. पहिली रॅली त्यांनी मारली, 0-1. दुसरी आपण जिंकलो, 1-1. सर्व्हिस आपली. आता मारणार कोण? गावातल्या दहातल्या आठ लोकांना वाटतं आर्यन, कारण चिठ्ठीवर तो 1 ला आहे. पण सर्व्हिस नुकतीच आपल्याकडे आली आहे, म्हणजे आधी फिरायचं आहे. ओम 2 वरून 1 वर येतो आणि ओमच सर्व्हिस मारतो. आर्यन 6 वर गेला, त्याचा नंबर आता सगळ्यांच्या शेवटी. आर्यनच्या आईला हे आधीच सांगून ठेवा. जो संघ सर्व्हिस घेऊन सेट सुरू करतो, त्याच्यातच 1 ला लिहिलेला मुलगा पहिला मारतो. जो संघ सर्व्हिस घेत नाही, त्याच्यात 2 ला लिहिलेला.

चूक झाली तर काय होतं तेही याच उदाहरणावर दाखवता येतं. फिरायचं विसरले, आर्यननं सर्व्हिस मारली आणि त्याच्यावर दोन गुण आले. 3-1. तेवढ्यात गुणलेखकाच्या लक्षात आलं. चूक नेमकी कधीपासून आहे हे त्याच्या कागदावरून कळत असेल, तर चुकीच्या सर्व्हिसपासून आपण मिळवलेले दोन्ही गुण जातात, समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस मिळते आणि आपला क्रम दुरुस्त होतो. 3-1 चा फलक 1-2 होतो. समोरच्यांनी मधल्या काळात काही गुण मिळवले असतील तर ते त्यांचेच राहतात. प्रेक्षकांना हे दिवसाढवळ्या लुटल्यासारखं वाटतं, आणि भांडण इथेच पेटतं.

पण चूक कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही, तर मिळवलेले गुण काढत नाहीत. फक्त समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस. गावच्या स्पर्धेत बहुतेक वेळा हेच होतं, कारण गुणलेखक फक्त गुण लिहितो. कोणी सर्व्हिस मारली ते लिहीत नाही. त्याच्यासाठी एक साधा उपाय करा. कागदावर दोन्ही संघांचे सहा-सहा जर्सी नंबर सर्व्हिसच्या क्रमानं लिहून द्या, आणि सर्व्हिस सुरू झाली की त्या नंबरापुढे गुण लिहायला सांगा. एवढं केलं तरी वाद कागदावर मिटतो. आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते: कोणाची सर्व्हिस आहे असा प्रश्न पडला तर कर्णधार पंचांकडून आपल्या संघाचा क्रम तपासून घेऊ शकतो. लाईनीबाहेरून काका-मामांनी ओरडून सांगण्यापेक्षा हे बरं, कारण काका-मामांचं निम्म्या वेळा चुकतं.

आता जागांच्या चुकीकडे येऊ. हीच गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याला अजिबात कळत नाही. समोरच्यांची सर्व्हिस असताना आपली मुलं सहा चौकटींत नीट उभी नसतात, घोळका करून उभी असतात. यात नियम मोडत नाही, कारण मैदानावर चौकटी आखलेल्याच नाहीत. पंच प्रत्येक मुलाची जागा त्याच्या शेजाऱ्याच्या पायांवरून ठरवतात, आणि शेजारी दोनच प्रकारचे. एक, आपल्या समोरचा किंवा मागचा: 2 आणि 1, 3 आणि 6, 4 आणि 5. मागचा खेळाडू पुढच्याच्या पुढे गेलेला चालत नाही. दोन, आपल्याच रांगेतला बाजूचा: पुढे डावीकडून 4, 3, 2 हा क्रम, मागे 5, 6, 1. तो उलटा झालेला चालत नाही. तिरप्या नात्याला कोणी विचारत नाही. 6 वरचा मुलगा 2 वरच्याच्या पुढे नेटाजवळ दिसला तर ओरडू नका, त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

वरच्या संघात ओमची सर्व्हिस गेली आणि समोरचे मारायला उभे राहिले असं समजा. आता पुढे डावीकडून प्रज्वल, समीर, यश आहेत. मागे नयन, आर्यन, ओम. आर्यन 6 वर आहे, पण त्याचं काम दुसरा बॉल उचलून देणं. सर्व्हिस त्याच्याकडे येऊ नये म्हणून तो नेटाजवळ समीरच्या पाठीशी चिकटून उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मागच्या रांगेतला पुढे घुसला. पण त्याला तीनच गोष्टी सांभाळायच्या आहेत: समीरच्या मागे, नयनच्या उजवीकडे, ओमच्या डावीकडे. यशच्या पुढे असला तरी चालतं.

बिघडतं कुठे, तर घाईत. आर्यनला नेटाजवळ उजव्या बाजूला पोचायचं असतं. सर्व्हिस करणाऱ्यानं बॉल वर फेकला की तो निघतो, हात बॉलला लागायच्या आधीच समीरच्या पुढे पोचतो किंवा ओमच्या उजवीकडे निघून जातो. पंच शिटी मारतात आणि तर्जनीनं हवेत गोल फिरवतात. ही खूण पालकांना दाखवून ठेवा: गोल फिरलं म्हणजे जागा किंवा क्रम चुकला, आणि गुण व सर्व्हिस समोरच्यांना. मुलगा हवेत असेल तर त्याचे पाय शेवटी जमिनीला जिथे लागले ती जागा धरतात.

लाईनीवरून "पुढं ये, पुढं ये" असं ओरडण्याचा तोटा इथे दिसतो. बाबांचा आवाज ऐकून मागचा पोरगा दोन पावलं पुढे येतो, त्याच वेळी सर्व्हिस मारली जाते आणि गुण जातो. पालकांना काही मनाई करायची असेल तर एवढीच करा: सर्व्हिसची शिटी वाजल्यापासून बॉल मारेपर्यंत मुलाला नाव घेऊन हलवायचं नाही. हा वेळ फार तर 8 सेकंदांचा असतो, तेवढा दम धरता येतो.

एक नवा बदल आहे, त्यावर आधीच बोलून घ्या. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2025 ते 2028 च्या नियमांत सर्व्हिस करणाऱ्या संघाला जागांचं बंधन राहिलेलं नाही. त्यांची मुलं सर्व्हिसच्या वेळीही कुठेही उभी राहू शकतात, सर्व्हिसचा क्रम मात्र पाळावाच लागतो. जागांची चूक आता फक्त समोरून आलेली सर्व्हिस उचलणाऱ्या संघाची धरतात. जुन्या नियमात दोन्ही संघांना बंधन होतं, आणि गावोगावच्या पंचांची सवय अजून जुनीच असू शकते. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांसमोर पंचांना विचारा आणि जे ठरेल ते माईकवर सांगा.

आता मूळ तक्रारीवर, "आमच्या पोट्ट्याले मांगं काहून उभं केलं?" त्याला कोणी मागे उभं केलेलं नाही, फिरत फिरत तो मागे आला आहे, आणि फार तर तीन रोटेशन झाली की पुन्हा पुढे येणार. पण मागच्या रांगेत असताना त्याच्यावर दोन बंधनं असतात, आणि ती पालकांना माहीत असायला हवीत. पहिलं, त्याला ब्लॉक करता येत नाही. दुसरं, 3 मीटरच्या रेघेच्या पुढून, बॉल पूर्णपणे नेटाच्या वर असताना, तो समोरच्यांच्या मैदानात मारता येत नाही. रेघेच्या मागून उडी घेऊन मारला तर चालतो, मग खाली येताना पुढे पडला तरी हरकत नाही. उडी घेताना पाय रेघेवर असला तरी चूक, म्हणून रेघ दिसली पाहिजे. काळ्या मातीच्या मैदानावर दोन सामन्यांतच मधला चुना पुसला जातो. बाहेरच्या हद्दीच्या रेघा सगळे पुन्हा मारतात, 3 मीटरची विसरतात. मग पंचांना अंदाजानं निर्णय द्यावा लागतो आणि वादाला तोंड फुटतं.

या बंधनात सगळ्यात जास्त अडकतो तो सेटर. आर्यन 1, 6 किंवा 5 वर असेल तेव्हा तो मागच्या रांगेतला असतो, पण खेळात नेटाजवळच दिसतो. उडी मारून दुसऱ्याच स्पर्शात बॉल हळूच पलीकडे टाकला आणि बॉल नेटाच्या वर होता, तर चूक. मागच्याच मिनिटाला दुसऱ्या संघाच्या सेटरनं हेच केलं आणि त्याला गुण मिळाला, कारण तो पुढच्या रांगेत होता. लोकांना एकच कृती दिसते आणि दोन निकाल दिसतात, मग पंच विकला गेला असं ठरतं. अशा वेळी मोजायची सोपी रीत आहे: सध्या सर्व्हिसच्या जागी कोण आहे ते बघा. तो, आणि सर्व्हिसच्या क्रमात त्याच्या आधी ज्या दोघांनी मारली ते, असे तिघे मागच्या रांगेतले. उरलेले तिघे पुढचे.

सर्व्हिसच्या जागेबद्दलही एक घोळ असतो. 1 हा मागचा उजवा कोपरा असला तरी सर्व्हिस त्या कोपऱ्यातूनच मारायचं बंधन नाही. मागच्या रेघेच्या पाठीमागे पूर्ण 9 मीटरच्या रुंदीत कुठूनही मारता येते. डाव्या कोपऱ्यातून मारणारा मुलगा दिसला म्हणून रोटेशन चुकलं असं नसतं. शिवाय पालक बाजूच्या रेघेवर बसतात, आणि सेट संपला की संघ बाजू बदलतात. जो 1 चा कोपरा तुमच्या पायाशी होता तो आता पलीकडे जातो, आणि सगळं उलटं फिरतंय असा भास होतो. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांना एक सेट मागच्या रेघेच्या पाठीमागे, सर्व्हिस करणाऱ्याला अडथळा होणार नाही इतक्या अंतरावर, उभं राहून बघायला सांगा.

बदली खेळाडूचं थोडक्यात: तो ज्याच्या जागी येतो त्याचाच क्रम घेतो. प्रज्वलच्या जागी आलेला मुलगा समीरनंतर आणि नयनच्या आधीच सर्व्हिस मारणार. प्रज्वल त्या सेटमध्ये एकदाच परत येऊ शकतो, तोही त्याच मुलाच्या जागी. "आता याच्या ऐवजी त्याला काढा" असं प्रत्येक वेळी जमत नाही ते यामुळे. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला मुलगा दिसला तर तो लिबेरो. तो मागच्या रांगेतल्याच्या जागी बदलीच्या मोजणीत न येता आतबाहेर करतो, आणि सर्व्हिस, ब्लॉक, नेटावरून मारणं यातलं काहीच करत नाही. शाळकरी संघांत तो नसेल तर हा भाग गाळा, पालकांना आधीच पुष्कळ झालेलं असतं.

क्रम बदलायचा असेल तर पुढच्या सेटला. प्रशिक्षक नवी चिठ्ठी देतो, आणि मागच्या सेटला 5 वर सुरू झालेला पोरगा 2 वरून सुरू होऊ शकतो. मुलगा सेटभर मागेच अडकल्यासारखा वाटत असेल तर पालकांनी हे दोन सेटच्या मधल्या वेळात प्रशिक्षकाला विचारावं, म्हणजे ती चिठ्ठी पंचांकडे जायच्या आधी.